आभाराची पोच

आभारप्रदर्शन हा आपल्या सार्वजनिक समारंभांतील एकमेव असा कार्यक्रम आहे, की ज्याची घोषणा होताच श्रोते चपला शोधू लागतात, मंडपवाल्याची पोरे मागच्या रांगेतील खुर्च्या एकीत एक खुपसू लागतात, प्रमुख पाहुणे गळ्यातील हार काढून शेजारच्या मुलाच्या स्वाधीन करतात, आणि ज्याच्या हाती तो अखेरचा कागद असतो तो इसम, आपण हे कोणासाठी वाचीत आहोत याचा मुळीच विचार न करता, तेवीस नावांची यादी एका श्वासात संपवून राष्ट्रगीताला वाट मोकळी करून देतो. गेल्या मे महिन्यात शिवाजी पेठेतील गांधी मैदानावर आमच्या गल्लीच्या मंडळाने सात-सात खेळाडूंच्या संघांची फुटबॉल स्पर्धा भरविली, तिच्या बक्षीससमारंभात तो इसम मी होतो. यादी मी इमानेइतबारे शेवटपर्यंत वाचली. परंतु ध्वनिक्षेपकवाल्याने सहाव्या नावानंतर आपली तार गुंडाळून घेतली होती, हे मला घरी पोचल्यावर सौभाग्यवतींकडून समजले.

सातव्या नावापासून तेविसाव्या नावापर्यंतच्या देणगीदारांमध्ये जी कुजबूज सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कट्ट्यावर येऊन पोचली, आणि तिचा बंदोबस्त करण्यासाठी कार्यकारिणीने असा ठराव केला, की प्रत्येकास स्वतंत्र व लेखी आभारपत्र धाडावे. पत्र कोणी लिहावे यावर चर्चाच झाली नाही. मी चौतीस वर्षे कोषागारात लेखनिक म्हणून घालविली असल्यामुळे, कागदावर जे काही लिहावयाचे ते मजकडेच येते, मग तो पोलिसांच्या परवानगीचा अर्ज असो, की कुणाच्या साखरपुड्याची याद असो. मंडळाचा अध्यक्ष वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान, तो म्हणाला, "आबा, तुमची भाषा जरा सरकारी हाय, पर वजन हाय तिला. तेवढी चौसष्ट पत्रं उरका की."

चौसष्ट हा आकडा प्रायोजक तेवीस आणि स्वयंसेवक एक्केचाळीस मिळून होतो. आता एका गल्लीच्या स्पर्धेला एक्केचाळीस स्वयंसेवक कशाला, असा प्रश्न ज्यांस पडेल ते कोल्हापूरचे नव्हेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले, हे सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ज्या तालमींतून ते मल्ल घडले, त्याच तालमींनी पुढे लंगोट खुंटीला ठेवून पायात बूट चढविले आणि फुटबॉलचे संघ काढले, याचे नवल बाहेरच्या माणसास फार वाटते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे ऐकून त्याला वाटते की ही देवळांची किंवा भजनी मंडळांची नावे असावीत. आमच्याकडे मूल जन्मते ते एखाद्या तालमीचे म्हणूनच जन्मते; गोत्र विचारले तर त्याच्या बापाला आठवावे लागते, संघ विचारला तर आठवावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर मोठ्यांचा हंगाम चालतो तेव्हा प्रेक्षक कोणत्या बाजूस बसला आहे यावरून त्याची पेठ सांगता येते, आणि मोठ्यांचा हंगाम ओसरला, की त्यांचे वैर अंगणात आणून लहान प्रमाणावर चालविण्यासाठी गल्लीगल्लीतून आमच्यासारख्या स्पर्धा भरतात.

आमच्या स्पर्धेत सोळा संघ होते. बाद पद्धतीने सोळा संघांतून एक विजेता काढावयाचा तर पंधरा सामने लागतात, कारण प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवितो आणि घरी पाठवावयाचे संघ पंधरा असतात. तिसऱ्या क्रमांकाचा एक धरून सोळा. शाळेत हे गणित कोणी असे शिकवीत नाही. परंतु आभारपत्र लिहिणाराने ते ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण त्याचा अर्थ असा, की चार दिवस खपून आपण जे यंत्र चालविले ते पंधरा संघांस दुःखी व एका संघास सुखी करणारे होते, आणि ज्यांचे आभार मानावयाचे त्या चौसष्ट मंडळींचे भाचे, पुतणे व जावई त्या पंधरांत सढळ हाताने विखुरलेले आहेत.

पहिला मसुदा मी एका रात्रीत सिद्ध केला, आणि तो मला स्वतःला फार आवडला. मायना 'श्रीमान राजमान्य राजश्री' असा होता. पुढे, सदरहू स्पर्धा आपल्यासारख्या दानशूरांच्या कृपाप्रसादाने निर्विघ्न पार पडली असून, तीस ज्या ज्ञात-अज्ञात हातांचे साहाय्य लाभले त्या सर्वांचे आभार मानण्यास शब्द अपुरे आहेत, सबब आभार मानून आम्ही आपणांस परके करू इच्छीत नाही, तर सदैव आपल्या ऋणातच राहू इच्छितो, असा मजकूर होता. शेवटी, अनवधानाने कोणाचा नामोल्लेख राहिल्यास क्षमस्व. असे पत्र आजवर मी स्वतः शंभर तरी वाचले असेल. माझ्या पुतण्याने ते संगणकावर घेतले, चौसष्ट प्रती काढल्या, वर नावे घातली, आणि गल्लीतील पोरांनी त्यांपैकी एकोणीस त्याच संध्याकाळी सायकलवरून वाटून टाकल्या. उरलेल्या पंचेचाळीस वाटल्या गेल्या नाहीत, ही ईश्वराची कृपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मंडपवाले माझ्या दारात हजर. या गृहस्थांनी अठरा हजारांच्या बिलापैकी निम्मी रक्कम स्पर्धेस सोडली होती, आणि उरलेले नऊ हजार मंडळाने आठ दिवसांत द्यावयाचे होते. पत्र त्यांच्या हातात होते. ते चपला न काढताच उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "आबा, कमिटीनं ऋणातच राहायचं ठरवलंय म्हणं. सदैव म्हणजे किती दिस?"

मी त्यांना आत बसविले, चहा दिला, आणि हा केवळ भाषेचा अलंकार आहे असे समजाविण्याचा यत्न केला. त्यांनी माझे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, की अलंकार असेल, पण खाली अध्यक्षाची सही आणि मंडळाचा शिक्का आहे, आणि शिक्का मारलेल्या कागदावर अलंकार असतो हे त्यांनी आजवर ऐकलेले नाही. चौतीस वर्षे सरकारी शिक्क्याची राखण केलेल्या मला यावर उत्तर सुचले नाही. नऊ हजार मी त्यांना त्याच दिवशी खजिनदाराकडून देवविले, आणि ऋणात राहण्याची इच्छा मसुद्यातून काढून टाकली.

ते गेले न गेले तोच कोपऱ्यावरचा गवंडी आला. याने चार दिवस पहाटे साडेपाचला मैदानात येऊन फक्की मारली होती. त्याचा प्रश्न साधा होता, आणि त्यात उपरोधाचा लवलेशही नव्हता. "मी ज्ञात का अज्ञात?" त्याने विचारले. "न्हाई, पोरगी इचारत हुती."

मला लाज वाटली. कोषागारात कोणी चलन भरले तर त्याला आम्ही 'आपल्यासारख्या दानशूरांच्या कृपेने राज्याचा खजिना भरला' असे लिहून देत नसू. किती रक्कम, कोणत्या तारखेस, कोणत्या शीर्षाखाली जमा झाली, एवढे लिहून त्याला पोच देत असू, आणि तो माणूस ती पोच घडी करून पाकिटात ठेवीत असे. ज्या कागदात काय पावले याचा तपशील नाही तो कागद कुणीच जपून ठेवीत नाही; मग त्यात कृतज्ञता कितीही ओतलेली असो. मी वाटलेली एकोणीस पत्रे परत मागविली (त्यांपैकी दोन तोवर भडंगाच्या पुड्यांस लागली होती), आणि वहीची चार पाने आखून प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने पाडले: याने नेमके काय दिले, आणि त्याचे पुढे काय झाले.

गवंड्याचे पत्र मी प्रथम लिहावयास घेतले, आणि तेव्हा कळले की याने काय केले हे मला मुळी ठाऊकच नाही. त्याला बोलावून विचारले. मैदान आखताना नवशिके काय करतात, तर एक रेषा मारतात आणि तिच्या टोकावर नजरेने दुसरी काटकोनात मारतात. रेषा जवळून सरळ दिसते, पण चार फुटांवर एक इंच चुकला, की एकशेसाठ फुटांच्या लांबीवर तोच इंच चाळीस इंच होतो, आणि मैदान पतंगासारखे तिरके पडते. म्हणून याने कोपऱ्यावर खुंटी ठोकून एका बाजूस तीस फूट व दुसऱ्या बाजूस चाळीस फूट मोजले, आणि त्या दोन टोकांमधली दोरी बरोबर पन्नास फूट भरेपर्यंत दुसरी बाजू सरकविली. घराच्या पायासाठी तो हेच तीन, चार नि पाच फुटांवर करतो. येथे मुद्दाम दसपट घेतले, कारण त्रिकोण जितका मोठा तितकी चूक लहान. चारही कोपरे झाल्यावर त्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले तर आखणी सरळ, आणि बोटभर जरी फरक पडला तरी पुन्हा खुंट्या काढावयाच्या. पहिल्या दिवशी त्याला दोनदा काढाव्या लागल्या. फक्कीचे एक पोते पहिल्याच दिवशी संपले, कारण दव पडले, की रेषा पसरते आणि प्रेक्षकांच्या पायांनी ती मैदानभर होते. म्हणून रोज पहाटे नवी.

हे सारे मी पत्रात जसेच्या तसे लिहिले: आपण चार दिवस पहाटे साडेपाचला येऊन मैदान आखले, चारही कोपरे काटकोनात होते, सोळा सामन्यांत चेंडू रेषेच्या आत की बाहेर यावर तंटे नऊ झाले, परंतु रेषा वाकडी आहे अशी तक्रार एकाही संघाने केली नाही. विशेषणे एकही नाही. त्याने ते पत्र चौकटीत घालून लावले आहे. तीस वर्षे तो दुसऱ्यांची घरे बांधतो आहे, आणि त्याचा कोपरा काटकोनात होता हे त्याला लेखी कोणी दिले नव्हते, असे तो म्हणाला.

मग मात्र मला नादच लागला. स्वयंसेवकांपैकी एक उंचापुरा तरुण होता, त्याला प्रेक्षकांतील दोन गटांच्या मध्ये उभे केले होते. त्याने चार दिवसांत काय केले असे इतरांस विचारले तेव्हा सर्वांनी एकमुखाने सांगितले, की काहीच नाही, नुसता उभा होता. कोल्हापुरातील फुटबॉलचे प्रेक्षक ज्याने पाहिले आहेत त्याला या 'नुसत्या' शब्दाचे मोल कळेल. मी लिहिले, 'आपण दक्षिणेकडील दोन बाकांच्या दरम्यान चार दिवस, रोज सुमारे पाच तास, उभे राहिलात, आणि ती जागा आपण एकदाही सोडली नाही. उपांत्य सामन्याच्या वेळी दोन्ही बाजूंनी आलेल्या पाण्याच्या एकूण सात पिशव्या आपणांस लागल्या.' हा आकडा त्याने स्वतः दिला. तो पत्र वाचून म्हणाला, "आठ हुत्या ओ आबा," आणि मी शाईने दुरुस्त करून बाजूस आद्याक्षरी केली.

तिसऱ्या दिवसाची पत्रे लिहिणे फार कठीण गेले, कारण त्या दिवशी वळीव कोसळला. गांधी मैदान म्हणजे मुळात वरुणतीर्थ तळे. शाहू स्टेडियमच्या जागी जसा रावणेश्वराचा तलाव होता, तसेच येथे पाणी होते, आणि कोल्हापूरच्या लोकांनी बुजवलेल्या तळ्यांची खासियत अशी, की माणसे विसरली तरी पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. पाऊण तासात तळे पूर्ववत झाले. तेव्हा अकरा पोरांनी बादल्यांनी व परातींनी पाणी उपसले, वखारवाल्याने भुशाची सहा पोती फुकट दिली, आणि गोलासमोरच्या दोन खळग्यांत तो भुसा ओतला गेला. मैदान खेळण्याजोगे झाले की नाही हे पंच कसे ठरवितात, तर चेंडू खांद्याइतक्या उंचीवरून खाली सोडतात. तो उसळला तर खेळ, तो थपकन बसला तर सुट्टी. पंचांनी तीनदा चेंडू सोडला आणि तीनदा तो बसला. चौथ्या वेळी, संध्याकाळी सव्वापाचला, तो गुडघ्याइतका उसळला, आणि त्या एका उसळीबद्दल मी अकरा पोरांना व एका वखारवाल्याला बारा पत्रे लिहिली. प्रत्येकात तीच वेळ आणि तीच उंची नमूद आहे.

स्वयंसेवकांचे असे निभले. प्रायोजकांचे प्रकरण नाजूक, कारण तेथे पैसा आहे, आणि पैशाचे आपल्याकडे दोन प्रकार असतात: जाहीर झालेला आणि जमा झालेला. उद्घाटनाच्या दिवशी एका व्यापारी गृहस्थांनी ध्वनिक्षेपकावरून अकरा हजार एक रुपये जाहीर केले होते, टाळ्याही त्या मानाने पडल्या होत्या. खजिनदाराकडे जमा पाच हजार एक होते. मी सवयीने लिहून गेलो, 'आपण जाहीर केलेल्या रु. ११,००१ पैकी रु. ५,००१ पावले.' अध्यक्षाने मसुदा वाचला आणि 'पैकी' या शब्दावर बोट ठेवले. "आबा, हे आभार न्हवं, ही नोटीस झाली," तो म्हणाला. त्याचे खरे होते. आमच्या दफ्तरात 'पैकी' या एका शब्दाने मी आयुष्यभर थकबाकीदारांना घाम फोडला आहे. त्याच्या पोटात शिल्लक दडलेली असते. तगादा करावयाचा तर त्याला वेगळा कागद आणि वेगळा दिवस. शेवटी एवढेच ठेवले, की आपले रु. ५,००१ पोचले, त्यातून सोळा सामन्यांच्या पंचांना सामन्यास रु. ३०० प्रमाणे रु. ४,८०० मानधन दिले, आणि उरलेल्या रु. २०१ मध्ये दोन शिट्ट्या घेतल्या. ते गृहस्थ मला महाद्वार रोडवर भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "बाकीचं इसरलो न्हाई बरं का." सहा हजार अद्याप जाहीर याच रकान्यात आहेत. परंतु शिट्ट्यांचे त्यांनी चार ठिकाणी सांगितले, असे मला कळले.

दुसऱ्या एका दुकानदारांना पत्रात 'देणगी' हा शब्द हवा होता, कारण त्यांना आयकरात ऐंशी-जीची सूट घ्यावयाची होती. पेठेतल्या सनदी लेखापालांनी माझी समजूत पाडली, की त्या सवलतीसाठी संस्थेजवळ आयकर खात्याची तशी मान्यता लागते, ती आमच्या मंडळास नाही. असती तरी दोन हजारांहून अधिक रोख दिलेल्या देणगीस ती लागू होत नाही, आणि यांनी दिलेले सात हजार नोटांत होते. शिवाय गोलामागे यांच्या दुकानाचा बारा फुटी फलक चार दिवस झळकला, म्हणजे ही देणगी नव्हेच, जाहिरात आहे, आणि जाहिरातीचा खर्च त्यांनी आपल्या धंद्याच्या जमाखर्चात सरळ धरावा. तेव्हा पत्रात 'जाहिरातीपोटी' असे लिहिले, फलकाची लांबी-रुंदी लिहिली, आणि सोबत फलकाचे एक छायाचित्र जोडले. 'दानशूर' या विशेषणास मुकल्याचे थोडे वाईट वाटले असावे. पण छायाचित्र त्यांना कामाचे वाटले.

एक अपघात मात्र होता होता राहिला. विजेत्याचा चषक एका सद्गृहस्थांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता. पुतण्याच्या संगणकाने, कोणत्या प्रेरणेने देव जाणे, 'कै.' हे अक्षर वडिलांच्या नावामागून उचलून चिरंजीवांच्या नावामागे नेऊन ठेवले, आणि खाली 'आपली अशीच साथ पुढेही लाभो' असे वाक्य होते. लखोटा बंद करण्यापूर्वी मी प्रत्येक पत्र मोठ्याने वाचतो, ही जुनी खोड त्या दिवशी उपयोगास आली. नावे तपासताना डोळ्यांवर विश्वासू नये. ओळखीचे नाव डोळा वाचीत नाही, तो ते गृहीत धरतो.

मंडळाच्या फलकावर सर्वांची एकत्र यादी लावावयाची तेव्हा क्रमाचा प्रश्न आला. रकमेप्रमाणे लावावी तर गरिबाचे नाव तळाशी जाते; अकारविल्हे लावावी तर ज्यांनी सर्वांत मोठी रक्कम दिली त्यांचे आडनाव दुर्दैवाने 'ह' पासून सुरू होते; मानाप्रमाणे लावावी तर मान कोणाचा, यावर फुटबॉलहून मोठी स्पर्धा भरवावी लागेल. अखेर मी पावतीपुस्तक पुढे ओढले आणि पावतीच्या क्रमांकाप्रमाणे यादी लावली. छापील क्रमांकाशी कोणाला भांडता येत नाही. त्यामुळे झाले असे, की पावती क्रमांक एक ही कोपऱ्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींची निघाली, रुपये एक्कावन्न. त्यांचे नाव साऱ्या पेठेच्या वर आले, आणि दोन मोठे व्यापारी आता पुढच्या वर्षी पावतीपुस्तक छापून येण्यापूर्वीच पैसे भरण्याची वाट पाहत आहेत, असे खजिनदार सांगतो.

पत्रे सह्यांसाठी गेली तेव्हा अध्यक्षाने प्रत्येकाखाली एक ओळ वाढविण्याची इच्छा व्यक्त केली: 'ता. क. पुढील वर्षी चोवीस संघ घेण्याचा मानस आहे, तरी आपले सहकार्य दुप्पट व्हावे.' ताजा कलम हा शब्दच असा फसवा आहे, की सही झाल्यावर माणसाला वाटते, अजून एक गोष्ट मागून घ्यावी. मी त्याला आमच्या कोल्हापूरच्या पुरालेखागाराकडे नेण्याची धमकी दिली. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटविलेली असते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये, एवढ्यासाठी ती आहे. राज्य चालविणारांना जर पत्र कोठे थांबवावे हे कळत होते, तर चोवीस संघांच्या मोहापायी आपण मर्यादा का सोडावी, असे मी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तसला शिक्का आपल्यालाबी करून घेऊया की." ताजा कलम गेला, शिक्क्याची ऑर्डर मात्र त्याने दिली आहे, असे ऐकतो.

चौसष्ट पत्रे, स्पर्धा संपल्यापासून नवव्या दिवशी, जावक बारनिशीस एक ते चौसष्ट या क्रमांकांनी नोंदून रवाना झाली. सर्वांची पोच आली आहे, तक्रार एकच आहे, आणि ती रास्त आहे. खेळाच्या साहित्याच्या दुकानदारांनी पाच नंबरचे पाच चेंडू दिले होते. नेमाप्रमाणे मी त्यांना चेंडूंचा हिशेब लिहिला: तीन मंडळाच्या कपाटात आहेत, एकाचा ब्लॅडर गेला होता तो बदलून घेतला, पाचवा उपांत्य सामन्याच्या एकतिसाव्या मिनिटास एका बचावपटूने संकटनिवारणार्थ जो उंच मारला तो कुंपणाबाहेर गेला. दुकानदारांनी उलट टपाली विचारले आहे, की गेला तो कोठे गेला.

तेव्हा गांधी मैदानाच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्या सर्वांस विनंती, की आपापल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे किंवा वाळत घातलेल्या कुरडयांच्या पलीकडे, एकदा पाहावे. चेंडू पांढरा असून त्यावर निळ्या शाईने 'क्र. ५' असे लिहिले आहे. आभारपत्र तयार आहे, जावक क्रमांक पासष्ट त्यासाठी राखून ठेवला आहे, नावाची जागा तेवढी कोरी आहे.